पुरवठादाराला दर कमी करण्याविषयी आणि मुदत वाढवण्याविषयी ई-मेल लिहिताना

प्रश्न : पॅकिंगसाठी लागणारी पाच प्लायची पुठ्ठ्याची खोकी आम्ही अनेक वर्षे एकाच पुरवठादाराकडून घेतो. नव्या दरपत्रकात त्यांनी ‘कागद ८ टक्क्यांनी महागला’ असे कारण देऊन दर ८ टक्क्यांनी वाढवला आहे. पैसे देण्याची मुदत ३० दिवसांचीच ठेवली आहे, आम्हाला ४५ दिवस हवे आहेत. संबंध न बिघडवता हे ई-मेलमध्ये कसे मागावे?

उत्तर :

आपला ई-मेल ज्या विक्री प्रतिनिधीच्या नावाने जाणार आहे, त्यांना दर कमी करण्याचा अधिकार बहुधा नसतो. ते तो मालकांकडे, विक्रीप्रमुखांकडे किंवा हिशेब विभागाकडे पुढे पाठवतात आणि वर स्वतःच्या दोन ओळी लिहितात. त्या ओळी ‘ग्राहक दर कमी मागत आहेत, काय कळवू?’ अशा असतील, तर वरून येणारे उत्तर ठरलेले असते. ‘ग्राहकांनी वाढीचा हिशेब मांडला आहे आणि महिन्याला एकच ऑर्डर द्यायला ते तयार आहेत’ असे त्यांना लिहिता आले, तर निदान कोणीतरी आकडेमोड करायला बसते. म्हणून ई-मेल असा असावा की प्रतिनिधीला त्यातला एकही शब्द न बदलता तो पुढे पाठवता यावा. विनम्रतेचे व्यावहारिक कारणही हेच आहे. टोमणा किंवा दटावणी असलेला ई-मेल ते साहेबांपुढे ठेवायला कचरतात, स्वतःच्या शब्दांत त्याचा सारांश सांगतात, आणि त्या सारांशात आपला मुद्दा हरवतो.

लिहायला बसण्यापूर्वी वाढीचा हिशेब करावा, कारण आपल्या प्रकरणातील सर्वांत बळकट मुद्दा त्यातच आहे. कागद ८ टक्क्यांनी महागला हे खरे मानले, तरी खोक्याची संपूर्ण किंमत म्हणजे केवळ कागद नव्हे. त्यात डिंक, शाई, वीज, मजुरी, वाहतूक आणि पुरवठादाराचा नफाही असतो. कागदाचा वाटा ६० टक्के धरला, तर कागदातील ८ टक्के वाढीमुळे खोक्याचा दर ८ च्या ६० टक्के, म्हणजे ४.८ टक्क्यांनी वाढायला हवा. उरलेल्या ३.२ टक्क्यांना पत्रात दिलेल्या कारणाचा आधार नाही. कदाचित मजुरी किंवा डिझेलही महागले असेल आणि ती वाढ रास्तही असेल, पण तसे त्यांनी लिहिलेले नाही, आणि विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. एका घटकाची वाढ संपूर्ण दरावर लावणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. तिच्यामागे प्रत्येक वेळी लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा दरपत्रक करणारी व्यक्ती जुन्या तक्त्यातील अखेरचा आकडा एका टक्केवारीने गुणून मोकळी होते.

कागदाचा हा वाटा आपण अंदाजाने धरला आहे, हे मात्र ई-मेलमध्ये स्पष्ट लिहावे. ‘आमच्या अंदाजानुसार’ असे म्हटले की समोरच्याला तो आकडा दुरुस्त करता येतो, आणि तो दुरुस्त करताना खर्चाची फोड त्याला आपोआप सांगावी लागते. ‘तुमचा हिशेब चुकीचा आहे’ असे म्हटले, तर तो आकड्याचा नव्हे, स्वतःचा बचाव करू लागतो.

आता मुदतीविषयी. ‘१५ दिवसच तर मागतो आहोत’ असे आपल्याला वाटते, पण पुरवठादाराच्या दृष्टीने त्या १५ दिवसांना किंमत असते. तो वर्षाला १२ टक्के व्याजाने कर्ज घेऊन व्यवसाय चालवत असेल, तर १५ दिवसांचे व्याज बिलाच्या साधारण अर्धा टक्का होते. त्याला १८ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर ते पाऊण टक्क्याच्या जवळ जाते. म्हणजे मुदतवाढ हीसुद्धा दरातील सवलतच आहे, फक्त ती दुसऱ्या खिशातून जाते. दर आणि मुदत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकींशी न जोडता मागितल्या, की वाचणाऱ्याला त्या दोन स्वतंत्र मागण्या वाटतात. मग तो त्यातली स्वतःला स्वस्त पडणारी अर्धीमुर्धी देतो आणि विषय संपवतो.

यावर मी वापरतो तो मार्ग असा की, दोन पर्याय एकत्र ठेवावेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे पुरवठादारावर सोडावे. जुना दर १०० धरू. पहिला पर्याय, दर १०४ आणि मुदत ३० दिवस. दुसरा पर्याय, दर १०४.८ आणि मुदत ४५ दिवस. रोख रकमेची चणचण असलेला पुरवठादार पहिला घेतो, ज्याच्याकडे पैसा खेळता आहे तो दुसरा घेतो. कोणताही घेतला तरी त्याला काय महत्त्वाचे वाटते हे आपल्याला कळते, आणि ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘यातले कोणते’ हा विचार तिकडे सुरू होतो.

इथे आपल्या बाजूचा हिशेबही डोळ्यांआड करू नये. या दोन पर्यायांत ०.८ चा फरक आहे आणि तो १५ दिवसांसाठी आहे. वर्षाच्या हिशेबाने ते जवळजवळ १९ टक्के व्याज होते. आपल्याला बँकेकडून १२ टक्क्यांनी पैसे मिळत असतील, तर पुरवठादाराकडून घेतलेले हे १५ दिवस बँकेपेक्षा महाग पडतील. अशा वेळी दुसरा पर्याय देऊच नये, किंवा दोहोंमधील फरक अर्ध्या टक्क्यावर आणावा. उलट हाताशी पैसा असेल, तर मुदत वाढवून मागण्याऐवजी १० दिवसांत पैसे देण्याची तयारी दाखवून दर मागावा. लहान पुरवठादाराला कर्ज महाग पडते, त्यामुळे लवकर मिळणाऱ्या पैशाची त्याला आपल्यापेक्षा जास्त किंमत असते. खरेदी विभागातील मंडळी मुदतीच्या मागे लागतात ती पुष्कळदा सवयीने. हिशेब विभागाला एकदा विचारले तर कळते की त्यांना त्या १५ दिवसांची फारशी गरजही नव्हती.

शिवाय लहान उद्योगांना किती दिवसांत पैसे द्यावेत, यावर काही ठिकाणी कायद्याने कमाल मर्यादा घातलेली असते आणि दोन्ही पक्षांच्या संमतीनेही ती ओलांडता येत नाही. आपल्याला लागू असलेली मर्यादा हिशेब विभागाकडून आधीच विचारून घ्यावी.

मग १०४.८ ऐवजी १०४ मागण्यास आधार कोणता? आधार नसेल तर मागू नये. इथे तो असा की, आपण दर आठवड्याला लहान ऑर्डर देत असाल, तर पुरवठादाराला प्रत्येक वेळी मशीन थांबवून डाय आणि छपाईची प्लेट बदलावी लागते, सुरुवातीचे काही पुठ्ठे वाया जातात आणि गाडीही अर्धी रिकामी येते. महिन्याला एकच ऑर्डर दिली तर हा खर्च चारदा न होता एकदाच होतो. आपल्याकडे जागा असेल आणि खोकी कोरड्या ठिकाणी रचून ठेवता येत असतील, तर ही गोष्ट आपल्याला जवळजवळ फुकट देता येते आणि त्याच्यासाठी मात्र ती मोलाची असते. ऑर्डर एकत्र करणे जमत नसेल, तर सहा महिन्यांच्या मागणीचा लेखी अंदाज देता येतो, तीन जवळपासच्या मापांऐवजी दोनच मापे ठेवता येतात, किंवा दोन रंगांची छपाई एका रंगावर आणता येते. यांपैकी जे खरोखर पाळता येईल तेवढेच लिहावे. महिन्याला एक ऑर्डर देण्याचे कबूल करून तिसऱ्या आठवड्यात ‘तातडीने ५०० नग पाठवा’ असा फोन गेला, की पुढच्या वर्षी आपल्या हिशेबावर कोणी विश्वास ठेवत नाही.

हे सगळे ई-मेलमध्ये साधारण असे उतरते :

विषय : दरपत्रक क्र. ___, पाच प्लाय खोकी : दर व देयक मुदतीबाबत दोन पर्याय

आदरणीय श्री. ___,
सप्रेम नमस्कार.

आपले ___ तारखेचे दरपत्रक मिळाले. गेल्या वर्षभरात आपल्याकडून माल वेळेवर आणि ठरलेल्या दर्जाचा मिळाला, म्हणून पुढील वर्षाची खरेदीही आपल्याकडूनच करण्याचा आमचा विचार आहे.

दरवाढीसाठी आपण कागदाच्या किमतीतील ८ टक्के वाढीचा उल्लेख केला आहे. ही वाढ आम्हाला मान्य आहे. आमच्या अंदाजानुसार खोक्याच्या किमतीत कागदाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास असावा. तसे असल्यास खोक्याच्या दरावर या वाढीचा परिणाम सुमारे ४.८ टक्के होतो. आमचा अंदाज चुकत असल्यास, किंवा इतर खर्चही वाढले असल्यास, कृपया त्याची ढोबळ फोड कळवावी. आम्ही त्याचा अवश्य विचार करू.

सध्या आम्ही दर आठवड्याला ऑर्डर देतो. यापुढे महिन्याला एकच एकत्रित ऑर्डर, महिना सुरू होण्यापूर्वी १० दिवस आधी देण्याची आमची तयारी आहे. हे लक्षात घेऊन पुढीलपैकी एक पर्याय आपल्याला स्वीकारता येईल का, याचा विचार व्हावा :

पर्याय १ : सध्याच्या दरावर ४ टक्के वाढ, देयक मुदत ३० दिवस.
पर्याय २ : सध्याच्या दरावर ४.८ टक्के वाढ, देयक मुदत ४५ दिवस.

आपल्या दरपत्रकाची मुदत ___ तारखेपर्यंत आहे. त्यापूर्वी खरेदी आदेश काढता यावा यासाठी ___ तारखेपर्यंत आपले उत्तर मिळाल्यास सोयीचे होईल. प्रत्यक्ष बोलणे अधिक सोपे वाटत असल्यास आपण सांगाल त्या वेळी मी फोन करीन.

आपला स्नेहांकित,
___

या मसुद्यातील काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. पहिल्या परिच्छेदात केलेली स्तुती एका वाक्याची आहे आणि तिच्यातील प्रत्येक गोष्ट खरी असायला हवी. माल दोनदा उशिरा आला असेल, तर ‘वेळेवर’ हा शब्द काढून टाकावा, नाहीतर तो उपरोध वाटतो. ‘आपल्याकडूनच करण्याचा विचार आहे’ हे वाक्य सौदा हातचा घालवते असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. जुन्या पुरवठादाराला आपण सहजासहजी दुसरीकडे जाणार नाही हे ठाऊकच असते. ते लपवल्याने काही मिळत नाही आणि सांगितल्याने पुढील मागणी धमकीसारखी वाचली जात नाही. मात्र आपण खरोखरच दुसरीकडे जाण्याच्या तयारीत असाल, तर हे वाक्य लिहू नये.

नम्रतेच्या भरात मागणीच पुसट होणे, हा आपल्याकडच्या व्यावसायिक पत्रांतील मोठा दोष आहे. ‘जमल्यास दराचे थोडे पाहावे’ हे ऐकायला गोड वाटते, पण त्यावर अर्धा टक्का कमी करून पुरवठादार मोकळा होतो आणि त्याने आपले ऐकले, हेही खरेच असते. आकडा आणि तारीख या दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्याने उद्धटपणा होत नाही. उद्धटपणा येतो तो ‘अन्यथा’, ‘नाइलाजाने’, ‘याची नोंद घ्यावी’ अशा नोटिशीच्या भाषेतून, आणि प्रत्येक वाक्याच्या आरंभी ठोकलेल्या ‘कृपया’तूनही. वरच्या ई-मेलमध्ये ‘कृपया’ एकदाच आहे, आणि तो माहिती मागताना आहे. आकड्याची मागणी प्रश्नाच्या रूपात आहे, पण प्रश्नातील आकडे पक्के आहेत.

प्रतीमध्ये कोणाचे नाव घालायचे याचाही विचार करावा. पहिल्याच ई-मेलची प्रत पुरवठादाराच्या मालकांना पाठवली, तर प्रतिनिधीला आपण त्याला डावलल्यासारखे वाटते, आणि जो आपली बाजू आत मांडणार होता तोच दुखावतो. आपल्या संचालकांचे नाव प्रतीत घातल्याने वजन वाढते हा समजही फसवा आहे. त्याने एवढेच कळते की हा विषय आपल्याकडे अडलेला आहे.

दुसऱ्या पुरवठादाराचे दरपत्रक हाती असेल, तर त्याचा उल्लेख करावा का? ते खरे असेल आणि तुलना बरोबरीची असेल, तरच करावा. कागदाचे वजन, प्लाय, खोक्याची बर्स्टिंग स्ट्रेंथ, वाहतूक कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत, एवढ्या गोष्टी जुळल्याशिवाय ‘दुसरीकडे ५ टक्के कमी आहे’ याला अर्थ नसतो, आणि जाणता पुरवठादार पहिला प्रश्न हाच विचारतो. दुसऱ्याचे दरपत्रक जोडून पाठवू नये, त्याचे नावही घेऊ नये. आज त्याचा कागद यांना दाखवणारा ग्राहक उद्या यांचा कागद त्याला दाखवेल, हे दोघांनाही कळते. नसलेल्या दरपत्रकाचा हवाला देणे तर पूर्ण वर्ज्य. ‘मग त्यांच्याकडूनच घ्या’ असे उत्तर आले की परत फिरण्याचा मार्ग उरत नाही.

उत्तर बहुधा तीन प्रकारचे येते. पहिला प्रकार म्हणजे हिशेबाची दुरुस्ती : ‘कागदाचा वाटा ६० नव्हे, ७० टक्के आहे आणि वाहतूकही वाढली आहे.’ ही चांगली खूण आहे, कारण चर्चा आता आकड्यांवर आली. ७० टक्के मानले तर कागदामुळे होणारी वाढ ५.६ टक्के होते. ती मान्य करावी, वाहतुकीचा वेगळा आकडा विचारावा, आणि त्याबरोबर एक गोष्ट जरूर मागावी : कागद स्वस्त झाला तर त्याच प्रमाणात दर खाली यावा आणि त्यासाठी सहा महिन्यांनी दराचा फेरविचार व्हावा. वाढ ज्या सूत्राने झाली त्याच सूत्राने घट व्हावी, ही मागणी इतकी सरळ आहे की तिला नकार देणे कठीण जाते. कधीकधी आजच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा या एका ओळीचा फायदा मोठा ठरतो.

दुसरा प्रकार म्हणजे सरळ नकार : ‘याहून कमी करणे शक्य नाही.’ त्यावर लगेच दर वाढवून मान्यता देऊ नये आणि वादही घालू नये. ‘दराबाबतची आपली अडचण समजली. दर आहे तसा ठेवून देयक मुदत ४५ दिवस करता येईल का, किंवा नवा दर दोन महिन्यांनी लागू करता येईल का?’ एवढेच विचारावे. वाढ पुढे ढकलणे हा मार्ग फार कमी लोक वापरतात. आपली खरेदी वर्षभर सारखी असेल, तर ८ टक्के वाढ दोन महिने उशिरा लागू झाल्यास वर्षाच्या सरासरीत ती सुमारे ६.७ टक्केच पडते, आणि दरपत्रकावरचा आकडा न बदलल्याने पुरवठादाराचा शब्दही राहतो.

तिसरा प्रकार म्हणजे मौन. दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्याच ई-मेलखाली दोन ओळींचे स्मरण पाठवावे आणि त्यानंतर फोन करावा. मौनाचा अर्थ पुष्कळदा नकार नसून ‘साहेबांनी अजून पाहिले नाही’ एवढाच असतो. फोनवर ‘त्यांना आणखी काही माहिती हवी आहे का?’ असे विचारले तर प्रतिनिधी मोकळेपणाने बोलतो. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ई-मेलने लिहून पाठवावे.

यापुढील खरेदीची मुदत मागणे आणि आधीच आलेल्या बिलाची मुदत मागणे, या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. दुसऱ्या बाबतीत आपण सौदा करत नसतो, दिलेला शब्द बदलून मागत असतो, म्हणून सूरही वेगळा हवा. ते बिल देय होण्याच्या निदान आठवडाभर आधी लिहावे, कारण एका वाक्यात सांगावे, काही रक्कम ठरलेल्या तारखेलाच द्यावी आणि उरलेल्या रकमेची एकच पक्की तारीख द्यावी. उदाहरणार्थ : ‘बिल क्र. ___ ची निम्मी रक्कम ठरल्याप्रमाणे ___ तारखेला जमा करत आहोत. आमच्या एका ग्राहकाकडून येणे लांबल्याने उर्वरित रक्कम ___ तारखेला देण्याची मुभा मिळावी, ही विनंती.’ ही तारीख पाळता येईल अशीच निवडावी, १५ दिवस पुरेसे वाटत असतील तर २० मागावेत. दुसऱ्यांदा मुदत मागावी लागली, तर ई-मेल न करता फोन करावा.

सगळे मान्य झाल्यावर सुधारित दरपत्रक नव्या क्रमांकासह मागवून घ्यावे आणि खरेदी आदेशावर त्याचाच क्रमांक लिहावा, नाहीतर हिशेब विभागाकडे जुने दरपत्रक राहते आणि पहिल्याच बिलात जुना दर येतो. त्याचबरोबर ‘४५ दिवस’ कोणत्या तारखेपासून मोजायचे हे स्पष्ट करावे. पुरवठादार बिलाच्या तारखेपासून मोजतो, आपला हिशेब विभाग माल मिळाल्याच्या किंवा तपासून स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजतो, आणि या दोहोंत सहज आठवडाभराचे अंतर पडते. ‘माल आमच्याकडे मिळाल्याच्या तारखेपासून ४५ दिवस’ एवढे शब्द खरेदी आदेशात घालून घ्यावेत आणि पुरवठादाराकडून त्या आदेशाची लेखी पोच मागवावी.